न्यू जर्सीचीच पार्सलं का अडली? सीएसव्ही फाइलमधून गळालेल्या शून्याचं एक प्रकरण

कोल्हापूर जिल्ह्यातला मसाले आणि फराळाचा एक घरगुती उद्योग. सासूबाईंनी कांदा-लसूण मसाल्यावर सुरू केलेला, आता सुनेच्या हाती आहे. गावात दुकान आहे, पुण्या-मुंबईला घाऊक गिऱ्हाईक आहे आणि स्वतःच्या वेबसाइटवरून परदेशातही माल जातो. दिवाळीच्या आधी तर अमेरिकेतल्या मराठी घरांच्या ऑर्डरींचीच गर्दी असते. अशा उद्योगांची बिलं, स्टॉक आणि ऑर्डरी यांची घडी बसवून देणं हे माझं काम. इथे जे घडलं ते सविस्तर लिहितोय, कारण याच प्रकारात बहुतेक ठिकाणी निम्मीच दुरुस्ती होते. पिनकोडचा घोटाळा कुणीतरी बोंब मारतं म्हणून कळतो. मालाच्या कोडचा घोटाळा मात्र कुणी बोलत नाही म्हणून तसाच राहतो, आणि नुकसान तोच जास्त करतो.

काय दिसत होतं

वेबसाइटवरून रोज संध्याकाळी ऑर्डरींची सीएसव्ही फाइल उतरवून घ्यायची, ती एक्सेलमध्ये उघडून नको ते रकाने काढायचे, पत्ते कुरिअरच्या पोर्टलवर एकगठ्ठा चढवायचे आणि मालाची यादी छापून पॅकिंगला द्यायची, असा तिथला शिरस्ता. दिवाळीच्या हंगामात पोर्टलने काही पत्ते लाल करून परत पाठवायला सुरुवात केली. पिनकोड चुकीचा, एवढंच त्यावर लिहिलेलं असायचं.

यादी बनवणाऱ्या वहिनींनी आधी पोर्टलवरच संशय घेतला. मग गिऱ्हाइकांना मेसेज गेले, "ताई, पिनकोड जरा परत पाठवता का?" उत्तर आलं, "अहो, मी बरोबरच लिहिलाय, `07054`." वहिनींनी तो आकडा शीटमध्ये स्वतः टाइप केला, एंटर दाबलं आणि डोळ्यांदेखत तिथे `7054` झालं. परत टाइप केला, परत तेच. त्यांनी मला फोन केला तेव्हा पहिलं वाक्य होतं, "दादा, एक्सेल शून्य ठेवूनच घेत नाही."

माझ्या दृष्टीने अर्धं निदान तिथेच झालं. उरलेलं निदान अडलेल्या पत्त्यांकडे बघून झालं. टेक्सासचा एकही पत्ता अडला नव्हता, कॅलिफोर्नियाचाही नाही. अडले होते ते सगळे न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स आणि कनेटिकटचे.

अमेरिकेचा झिप कोड पाच आकडी असतो आणि त्याचा पहिला आकडा देशाचा भाग सांगतो. मोजणी ईशान्य कोपऱ्यातून सुरू होते. मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड, न्यू हॅम्पशायर, मेन, व्हरमाँट, कनेटिकट आणि न्यू जर्सी ही सगळी राज्यं शून्याच्या पट्ट्यात येतात. पश्चिमेकडे जावं तसा आकडा वाढत जातो आणि कॅलिफोर्नियाला ९ लागतो. म्हणून पार्सिपनी `07054`, एडिसन `08820`, आणि फ्रीमाँट मात्र `94538`. आपली माणसं न्यू जर्सीत भरपूर असल्याने या उद्योगाच्या अमेरिकेतल्या ऑर्डरींचा मोठा वाटा नेमका शून्याच्या पट्ट्यातला होता.

भारतात हे इतकी वर्षं कुणाच्या लक्षात का आलं नाही, याचंही उत्तर सरळ आहे. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली आपली पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. तीत पहिला आकडा १ ते ९ यांपैकीच असतो, लष्करी टपालाचा ९ धरून. शून्याने सुरू होणारा भारतीय पिनकोडच नाही. कोल्हापूरचा `416003` एक्सेलने संख्या समजून घेतला तरी त्याचं काही बिघडत नाही. देशातल्या ऑर्डरींवर वर्षानुवर्षं चाललेली पद्धत परदेशी पत्ता आल्याबरोबर मोडली, ती यामुळे. आपल्याकडच्या याद्यांत शून्य गळतं ते दुसरीकडे. जीएसटीच्या बिलावर मिरचीचा एचएसएन कोड `0904` असतो आणि हळदीचा `0910`. दिल्लीचा जीएसटी राज्य-कोड `07` आहे. हे रकाने कुणी बारकाईने वाचत नाही, म्हणून `904` होऊनही ते खपून जातात.

फाइलमध्ये नेमकं काय होतं

वेबसाइट बनवणाऱ्याकडे तक्रार करण्याआधी मी वहिनींना फाइल परत उतरवायला सांगितली आणि ती एक्सेलमध्ये न उघडता नोटपॅडमध्ये उघडायला सांगितली. नोटपॅड काहीच अंदाज बांधत नाही, फाइलमध्ये जे अक्षर आहे तेच दाखवतं. तिथे सगळी शून्यं जागच्या जागी होती. पुढच्या ओळी त्याच साच्यातल्या आहेत, फक्त नावं-पत्ते काढले आहेत.

```
order_id,sku,qty,country,postcode
5131,0412,2,US,07054
5132,412,6,IN,416003
5133,0412,1,AU,2150
5134,087,3,SG,018956
5135,0412,4,US,08820-1234
```

हीच फाइल डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की असं होतं.

```
5131,412,2,US,7054
5132,412,6,IN,416003
5133,412,1,AU,2150
5134,87,3,SG,18956
5135,412,4,US,08820-1234
```

सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर. कोणता रकाना संख्येचा आणि कोणता नावाचा, हे सांगायची सोयच तीत नाही. मग उघडणारा प्रोग्रॅम स्वतः अंदाज बांधतो, आणि एक्सेल तो प्रत्येक सेलसाठी वेगळा बांधतं. सेलमध्ये नुसते आकडे दिसले की ती संख्या, आणि संख्येच्या पुढच्या शून्याला किंमत नाही, म्हणून ते ठेवलंच जात नाही. शून्य लपलेलं असतं असं नाही, सेलमध्ये ४१२ ही संख्याच साठलेली असते. शेवटच्या ओळीतला `08820-1234` वाचला, कारण मधल्या आडव्या रेघेमुळे तो संख्या ठरला नाही. वहिनींना हेच कोडं पडलं होतं की न्यू जर्सीचेच काही पत्ते मात्र कसे जातात. ते नऊ आकडी झिप कोड लिहिणाऱ्या गिऱ्हाइकांचे होते.

शीट नुसतं बघूनही हे ओळखता येतं. रकाना मुद्दाम डावीकडे किंवा उजवीकडे सरकवलेला नसेल, तर एक्सेल मजकूर डावीकडे चिकटवतं आणि संख्या उजवीकडे. पिनकोडच्या रकान्यात काही नोंदी डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या, तर अंदाज बांधून झालेला आहे हे नक्की.

वेबसाइट बनवणाऱ्या मुलाने एक उपाय सुचवला, की फाइलमध्ये कोड अवतरणचिन्हांत टाकतो, `"0412"` असा. बरेच जण हाच उपाय सुचवतात, आणि एक्सेलपुढे तो चालत नाही. सीएसव्हीतल्या अवतरणचिन्हाचं काम एवढंच, की आत स्वल्पविराम आला तर तिथे रकाना तुटू नये. एक्सेल ती चिन्हं काढून टाकतं आणि मग आतल्या आकड्यांवर तोच अंदाज बांधतं. लिब्रेऑफिसच्या आयात-खिडकीत अवतरणातला भाग मजकूर धरायचा पर्याय आहे, एक्सेलच्या डबल-क्लिकला तो नाही.

मालाचे कोड: खरं नुकसान इथे होतं

पिनकोडचं गणित उलगडल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं. मी `sku` हा रकाना दाखवेपर्यंत त्याचा विचार कुणी केला नव्हता.

या उद्योगाचे कोड दुकानातल्या जुन्या बिलिंगपासून आलेले. `412` म्हणजे पातळ पोह्यांचा चिवडा, `87` म्हणजे तिळाची चटणी. परदेशी विक्री सुरू झाली तेव्हा निर्यातीच्या पाकिटाला वेगळा कोड हवा होता. कुणीतरी सोपा नियम केला, की त्याच कोडच्या पुढे एक शून्य लावायचं. `0412` म्हणजे निर्यातीचा चिवडा, `087` म्हणजे निर्यातीची चटणी. वेबसाइटवर कोड मजकूर म्हणून साठतो, त्यामुळे तिथे हे दोन वेगळे माल होते आणि राहिले. एक्सेलमध्ये मात्र दोन्ही ४१२ झाले. पिनकोडच्या बाबतीत चुकीचा आकडा निदान अडला तरी, कारण चार आकडी झिप कोड अस्तित्वातच नाही. `412` हा कोड खरा आहे, तो कुठेच अडत नाही. यादी नीट छापली जाते, बेरीज बरोबर येते, फक्त माल चुकीचा निघतो.

पॅकिंगच्या यादीत वहिनी कोडप्रमाणे नगांची बेरीज करायच्या. वरच्या ओळींत निर्यातीचे सात आणि देशातले सहा चिवडे आहेत. यादीवर `412` पुढे १३ असा एकच आकडा आला. पॅकिंगच्या टेबलावरच्या मावशींनी तेरा साधी पाकिटं काढली आणि मग त्याच थांबल्या. "अमेरिकेच्या खोक्यात मराठी लेबलाचं पाकीट कसं काय?" त्यांना कोड माहीत नव्हते, पण परदेशी मालाचं लेबल इंग्रजी असतं हे हाताला माहीत होतं. खोकी बंद व्हायच्या आधी हे लक्षात आलं ते त्यांच्यामुळे.

निर्यातीच्या पाकिटात आणि साध्या पाकिटात चव एकच असली तरी लेबलाचा फरक मोठा आहे. अमेरिकेत पाकिटावर घटक इंग्रजीत लागतात आणि ज्यांची अॅलर्जी गंभीर ठरते असे पदार्थ ठळक सांगावे लागतात. त्यात शेंगदाणा आधीपासून होता, आणि १ जानेवारी २०२३ पासून तीळही त्या यादीत सक्तीने आला. चिवड्यात दाणे आणि चटणीत तीळ. चुकीचं पाकीट गेलं असतं तर ते घेणाऱ्याच्या जिवावर बेतू शकलं असतं, म्हणून मी या रकान्याला पिनकोडच्या वर ठेवतो.

दुसरं नुकसान तोवर होऊन गेलं होतं. दिवाळीआधी भाव वाढवताना मालाची यादी सीएसव्हीत उतरवली, एक्सेलमध्ये नवे भाव भरले आणि तीच फाइल वेबसाइटवर परत चढवली. वेबसाइट एकगठ्ठा बदल करताना कोड जुळवते. फाइलमध्ये `412` च्या दोन ओळी झाल्या होत्या, आधी १५० रुपयांची देशातल्या पाकिटाची आणि खाली २२५ रुपयांची, जी मुळात `0412` ची होती. दोन्ही ओळी देशातल्या चिवड्यालाच लागू झाल्या आणि खालची टिकली. देशातलं पाकीट २२५ रुपयांना दिसू लागलं, निर्यातीच्या पाकिटाचा भाव जुनाच राहिला. पुण्याच्या एका गिऱ्हाईक बाईंनी फोन करून विचारलं होतं की चिवडा एकदम इतका कसा महागला. तेव्हा त्यांना तेल महागल्याचं सांगितलं गेलं, कारण घरातल्या सगळ्यांना तेच कारण वाटलं.

सुरुवातीच्या निदानात आणि या निदानात एक महत्त्वाचा फरक आहे. फाइल उघडली तेव्हा शून्यं फक्त त्या शीटमध्ये गेली होती. मूळ फाइल डिस्कवर शाबूत होती. त्याच नावाने सेव्ह केल्यावर ती फाइलही गेली. आणि परत वेबसाइटवर चढवल्यावर चूक तिथल्या खऱ्या नोंदींत शिरली. दुरुस्ती किती अवघड होणार हे या तीनपैकी कुठली पायरी झाली आहे त्यावर ठरतं, म्हणून मी पहिला प्रश्न हाच विचारतो, की ही फाइल उघडून फक्त पाहिली, सेव्ह केली, की कुठे चढवली?

काय परत मिळवता आलं

पिनकोड परत मिळवता आले, कारण त्यांची लांबी ठरलेली असते. पण ती देशाप्रमाणे ठरलेली असते आणि इथे घाई केली की नवी चूक होते. वहिनींच्या भाच्याने रकान्याला `00000` हे फॉरमॅट देऊन टाकलं होतं. अमेरिकेचे सगळे पत्ते सुधारले. पण सिडनीजवळच्या पॅरामॅटाचा पोस्टकोड `2150` हा मुळातच चार आकडी आहे, तो `02150` झाला. `02150` हा मॅसॅच्युसेट्समधल्या चेल्सी गावाचा खराखुरा झिप कोड आहे. सिंगापूरचा पोस्टकोड सहा आकडी, तो `018956` चा `18956` झालेला होता आणि पाच आकड्यांच्या फॉरमॅटमध्ये तसाच दिसत राहिला. तो चुकलाय हे कळायला मार्गच नव्हता.

म्हणून देशाचा रकाना बघून शून्यं भरली. वरच्या रचनेत देश D रकान्यात आणि पोस्टकोड E मध्ये आहे.

```
=IF(E2="","",IF(ISTEXT(E2),E2,
 IF(D2="US",TEXT(E2,"00000"),
 IF(D2="SG",TEXT(E2,"000000"),
 IF(D2="AU",TEXT(E2,"0000"),E2&"")))))
```

मजकूर म्हणून वाचलेले पोस्टकोड हे सूत्र हलवत नाही, त्यामुळे नऊ आकडी झिप कोड आणि अक्षरं असलेले कॅनडा-इंग्लंडचे पोस्टकोड सुरक्षित राहतात. ऑस्ट्रेलियाला चार आकड्यांचा साचा दिला, कारण डार्विनचा `0800` सुद्धा `800` होऊन येतो. ज्या देशात माल जातो त्याची ओळ सूत्रात हवी. जर्मनी किंवा फ्रान्सची पहिली ऑर्डर आली की पाच आकड्यांची आणखी एक ओळ घालावी लागेल.

मालाच्या कोडसाठी असं सूत्र लिहिता येत नाही. कोडची लांबीच ठरलेली नव्हती. `87` ला शून्य लावलं की `087` आणि `412` ला लावलं की `0412`, आणि शून्य लावायचंच नाही अशाही तितक्याच खऱ्या ओळी. देश बघून ठरवू, असं वहिनींनी सुचवलं. बहुतेक ओळींना ते लागू पडलंही असतं. पण मुंबईचे एक व्यापारी निर्यातीचीच पाकिटं मुंबईत मागवतात आणि पुढे स्वतः पाठवतात, त्यांच्या ओळीत देश `IN` असतो आणि कोड `0412`. अंदाजाने बिघडलेली गोष्ट दुसऱ्या अंदाजाने दुरुस्त करायला मी तयार नव्हतो. ऑर्डरी वेबसाइटवरून नव्याने उतरवल्या, कारण तिथले कोड कुणी बदलले नव्हते. बिघडलेले भाव सुधारायला भाव बदलण्याआधीची पीडीएफ बिलं कामी आली. ती थेट वेबसाइटवरून बनतात, शीटमधून जात नाहीत, म्हणून त्यांवर कोड आणि जुना भाव दोन्ही शाबूत होते.

जुळवाजुळव करताना एक सापळा लागला, तो नोंदवून ठेवतो. नव्याने आणलेल्या यादीत कोड मजकूर म्हणून ठेवले होते आणि `COUNTIF` ने एकच कोड दोनदा आलाय का ते तपासत होतो. `0412` आणि `412` दोन्ही मजकूर असूनही `COUNTIF` ने दोन्हींना दोन असं उत्तर दिलं. हे फंक्शन तुलना करताना आकड्यांसारखा दिसणारा मजकूर संख्या धरतं. त्यामुळे बरोबर यादीसुद्धा चुकीची वाटते आणि कुणी "दुबार" म्हणून एक ओळ पुसून बसतं. अक्षर न् अक्षर जुळवायला `EXACT` वापरावं लागतं.

```
=SUMPRODUCT(--EXACT($B$2:$B$500,B2))
```

`VLOOKUP` उलट बाजूला चुकतं. एका यादीत कोड मजकूर आणि दुसरीत संख्या असेल, तर डोळ्यांना `412` आणि `412` सारखे दिसत असूनही ते `#N/A` देतं. निदानासाठी मला ते बरं वाटतं, कारण ते चूक ओरडून सांगतं.

पद्धत कशी बदलली

पहिला बदल फाइल उघडण्यात. डबल-क्लिक बंद. कोरं एक्सेल उघडून `Data` मध्ये `From Text/CSV`, फाइल निवडायची आणि समोर आलेल्या खिडकीत `Transform Data`. इथे एक बारीक जागा आहे जिथे सगळे घसरतात. उजवीकडच्या पायऱ्यांच्या यादीत `Changed Type` ही पायरी आपोआप आलेली असते, म्हणजे अंदाज बांधून शून्यं काढून झालेली असतात. `sku` रकान्याचा प्रकार `Text` केला की एक्सेल विचारतं, `Replace current` की `Add new step`. नवी पायरी निवडली तर आधी ४१२ झालेल्या संख्येचा मजकूर होतो, शून्य परत येत नाही, आणि रकाना डावीकडे सरकल्याने काम झाल्यासारखं दिसतं. `Replace current` च निवडायचं. किंवा `Changed Type` ही पायरी पुसूनच टाकायची.

त्याच खिडकीत सुरुवातीला `Data Type Detection` ला `Do not detect data types` सांगायचीही सोय आहे. मग सगळं मजकूर म्हणून येतं, पण शीर्षकाची ओळ नोंदींत खाली उतरू शकते. ती वर घ्यायला `Use First Row as Headers` दाबलं की `Changed Type` पुन्हा येऊन बसतं आणि ते पुन्हा काढावं लागतं. वहिनींना ही गोष्ट पायऱ्यांच्या यादीकडे बोट ठेवून दाखवली तेव्हाच पटली. आता फाइल लोड करण्याआधी त्या यादीत `Changed Type` शिल्लक आहे का ते त्या पाहतात.

मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये एक्सेल ३६५ ला हा अंदाज बंद करायची सोयही दिली. `File`, `Options`, `Data` मध्ये `Automatic Data Conversion` खाली पुढचं शून्य काढायच्या पर्यायाची खूण काढता येते. ती वहिनींच्या संगणकावर काढली. पण ही सोय त्या एका संगणकापुरती आहे आणि जुन्या एक्सेलमध्ये ती नाही. भाच्याच्या लॅपटॉपवर फाइल उघडली की पहिले पाढे पंचावन्न. म्हणून तिच्यावर एकटीवर मी काम सोपवलं नाही. गूगल शीट्समध्ये आयात करताना मजकुराचं संख्या-तारखांत रूपांतर करायची खूण काढायची, आणि लिब्रेऑफिसमध्ये आयात-खिडकीत रकाना निवडून त्याचा प्रकार मजकूर करायचा, हेही लिहून दिलं.

दुसरा बदल वेबसाइटच्या बाजूचा, आणि माझ्या मते मोठा. पॅकिंगची यादी सीएसव्हीऐवजी थेट `xlsx` मध्ये उतरवायला लावली. या फाइलमध्ये प्रत्येक सेलचा प्रकार सोबत साठतो. कोड आणि पोस्टकोडचे सेल मजकूर म्हणून लिहिले की कुणी कशानेही उघडले तरी अंदाजाला जागा राहत नाही. त्या मुलाने आधी `="0412"` असं सूत्र सीएसव्हीत लिहायची युक्ती काढली होती. एक्सेलमध्ये ती चालते, पण कुरिअरचं पोर्टल ते सूत्र अक्षरशः कोड म्हणून वाचतं. ती मी काढायला लावली. त्याची रोजची बेरीज करणारी छोटी पायथन स्क्रिप्टही तीच चूक करत होती, तिथे एक शब्द पुरला.

```
df = pd.read_csv("orders_export.csv", dtype=str)
```

यानंतर सगळे रकाने मजकूर होतात, त्यामुळे नगांचा रकाना बेरजेआधी मुद्दाम संख्येत बदलावा लागतो. ते योग्यच आहे. ज्याची बेरीज करायची तीच संख्या, आणि चिवड्याच्या कोडची बेरीज कुणी करत नाही.

तिसरा बदल कोडचा. निर्यातीच्या मालाचं शून्य काढून पुढे अक्षरं लावायचं ठरलं. सासूबाईंनी मसाल्यांना `MAR` आणि फराळाला `FAR` सुचवलं. `FAR` चाललं असतं, पण `MAR12` हे एक्सेल १२ मार्च वाचतं. हा त्रास मोठमोठ्यांना झालाय. मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये `MARCH1` चं `MARCHF1` आणि `SEPT1` चं `SEPTIN1` केल्याचं जाहीर केलं, कारण शीटमध्ये त्यांच्या तारखा होत होत्या. आकड्यांच्या मधलं `E` ही टाळायचं, `2E5` चे दोन लाख होतात. आडव्या रेघेचे आकडेही नकोत, `3-12` ची तारीख होते. शेवटी निर्यातीसाठी `PR` ठरलं, आणि `0412` चा `PR412` झाला. मावशींनाही आता कोडवरूनच कुठलं पाकीट काढायचं ते कळतं.

बारकोडचा रकाना अजून बाकी आहे. त्यांच्या पाकिटांवरचे आकडे `890` ने सुरू होतात, तेरा आकडी, तिथे पुढचं शून्य नाही. पण एवढी लांब संख्या एक्सेल `8.90123E+12` अशी दाखवतं, आणि सीएसव्हीत सेव्ह करताना जे दिसतंय तेच लिहितं, म्हणजे मागचे आकडे कायमचे जातात. बारकोडची वेगळी फाइल अजून भाच्याच्या लॅपटॉपवर डबल-क्लिकनेच उघडते, म्हणून तिला तूर्त वेबसाइटवर परत चढवायची परवानगी काढून घेतली आहे. भावाची फाइल चढवण्याआधी वहिनी ती नोटपॅडमध्ये उघडतात आणि पहिल्या ओळींत एक `PR` चा कोड, एक साधा कोड आणि एक बारकोड पूर्ण दिसतो का ते बघतात. पत्त्यांच्या फाइलसाठी त्या न्यू जर्सीची एक ओळ शोधतात.